अडतीस रुपयांचा भाव एक्कावन्नला कसा पडतो

आमची सोसायटी ठाण्यातली, १९९८ची, तळ अधिक चार मजले. गच्ची आतून ६० बाय ४५ फूट, त्यात १५ बाय १० फुटांची जिन्याची केबिन. वर विटांच्या तुकड्यांचा जुना ब्रिकबॅट कोबा आहे. वरच्या मजल्यावरच्या तीन घरांत गळतं आणि पाऊस थांबल्यावरही आठेक दिवस टिपकत राहतं. तीन कोटेशनं आलीत.

पहिलं: अ‍ॅक्रिलिक केमिकलचे तीन कोट जाळीसह, ३८ रुपये स्क्वेअर फूट, मोजमाप २,७०० फूट, वाटा वेगळा ७० रुपये रनिंग फूट, गॅरंटी १० वर्षं. दुसरं: पीयू कोटिंग, ८५ रुपये, मोजमाप प्रत्यक्ष कोट लागेल तेवढं, वाटा त्यातच, गॅरंटी ७ वर्षं. तिसरं: जुना कोबा तोडून नवा, १६५ रुपये, वाटा धरून, राडारोडा ब्रासला ३,५०० रुपये वेगळे, गॅरंटी १० वर्षं. जीएसटी तिघांचाही वेगळा. सभेचा कल पहिल्याकडे आहे: सगळ्यांत स्वस्त आणि गॅरंटीही मोठी. या तिघांची तुलना नेमकी कशी करायची?
— सचिव, ठाणे

सभेपुढे ३८, ८५ आणि १६५ हे तीन आकडे असेच ठेवू नका. तिघांनी तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत. आधी तिघांना एका मोजमापावर आणा.

६० बाय ४५ म्हणजे २,७०० फूट, पण केबिनखालची १५० फूट जागा कोणी रंगवणार नाही. उरली २,५५० फूट जमीन. कठड्याची आतली लांबी २१० फूट आणि केबिनच्या भिंती ५० फूट, असे २६० रनिंग फूट. कोटिंग या भिंतींवर निदान एक फूट चढलं पाहिजे, कारण बऱ्याच गच्च्या मधोमध गळत नाहीत, त्या जमीन आणि कठडा मिळतात त्या कोपऱ्यात गळतात. तिथे गोलाई देऊन केलेला भाग म्हणजेच वाटा. म्हणजे एकूण पृष्ठभाग २,८१० फूट. तिन्ही कोटेशनांना याच आकड्याने भागायचं.

पहिल्याचे २,७०० गुणिले ३८ म्हणजे १,०२,६०० रुपये. वाट्याचे २६० फुटांना १८,२००. झाले १,२०,८००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १,४२,५४४. याला २,८१० ने भागा: एक्कावन्न रुपयांना जेमतेम काही पैसे कमी. केबिनखालच्या दीडशे फुटांचेही पैसे त्याने लावले आहेत, तेवढे कमी करून घ्या.

दुसऱ्याचे २,८१० गुणिले ८५ म्हणजे २,३८,८५०, जीएसटीसह २,८१,८४३. फुटाला शंभर रुपये.

तिसऱ्याचे २,५५० गुणिले १६५ म्हणजे ४,२०,७५०. राडारोडा किती निघेल ते आत्ताच काढा, नाहीतर तो आकडा ट्रक भरताना कळतो. जुना कोबा सरासरी चार इंच धरला तर २,५५० फुटांत ८५० घनफूट, म्हणजे साडेआठ ब्रास. तोडल्यावर माल सैल होतो आणि दीडपटीच्या जवळ फुगतो. बारा ब्रास धरा. त्याचे ४२,०००. बेरीज ४,६२,७५०, जीएसटीसह ५,४६,०४५. त्याच २,८१० फुटांवर हा भाव १९४ रुपये पडतो.

म्हणजे खरे आकडे ५१, १०० आणि १९४. क्रम तोच राहिला, पण पहिल्या दोघांतलं अंतर सव्वादोनपटीवरून दुपटीखाली आलं. भेगा भरणं, सैल प्लास्टर काढणं, पाइपांची तोंडं नीट करणं हे पहिल्याच्या कागदावर नसेल तर त्याचे ५१ अजून वाढतील. ते "जसं लागेल तसं" असं सोडू नका. भेगांचा रनिंग फुटाचा भाव आजच लिहून घ्या.

आता खरा प्रश्न: या पैशांत गच्चीवर किती माल पडणार आहे? "तीन कोट" हे मोजमाप नव्हे. पातळ करून रोलरने मारलेले तीन कोट जाडसर मारलेल्या एका कोटाहूनही कमी भरू शकतात. केमिकलचं काम थराच्या जाडीवर चालतं आणि ती जाडी बादल्यांवरून काढता येते.

हिशेब सोपा आहे. एक लिटर माल एक चौरस मीटरवर पसरला की एक मिलिमीटर ओला थर होतो. तो वाळला की पाणी उडून जातं आणि उरतो तो घन भाग. मालाच्या टेक्निकल डेटा शीटवर "व्हॉल्यूम सॉलिड्स" म्हणून टक्का दिलेला असतो. तो ५० टक्के असेल तर एक मिलिमीटर ओल्या थराचा वाळून अर्धा मिलिमीटर होतो. इथे एक चकवा आहे. काही पत्रकांत वजनानुसार घन भाग दिलेला असतो आणि पाण्यावरच्या कोटिंगमध्ये तो आकडा सहसा मोठा दिसतो. तुम्हाला घनफळाचा हवा.

उघड्या गच्चीवरच्या अ‍ॅक्रिलिकला वाळून एक मिलिमीटर जाडी मागा. तुमचे २,८१० फूट म्हणजे २६१ चौरस मीटर. ५० टक्क्यांचा माल असेल तर एक मिलिमीटर कोरड्या थराला ५२२ लिटर लागतील, म्हणजे वीस लिटरच्या २६ बादल्या. कोबा खडबडीत असेल तर दोन-तीन बादल्या वरती. तोंडी लक्षात ठेवायचं तर शंभर फुटाला जवळपास एक बादली.

पहिल्या ठेकेदाराला फोन करून एवढंच विचारा: "आमच्या गच्चीला वीस लिटरच्या किती बादल्या आणणार?" बऱ्याचदा उत्तर येतं "दहा-बारा पुरतात". दहा बादल्या म्हणजे २०० लिटर. २६१ चौरस मीटरवर पाऊण मिलिमीटर ओला थर, वाळून ०.३८ मिलिमीटर. जाडसर व्हिजिटिंग कार्डाएवढा. जाळीचे धागेसुद्धा त्यात नीट बुडत नाहीत. ते वर दिसत राहतात आणि पहिल्या उन्हाळ्यानंतर थर तिथूनच सोलायला लागतो.

तो जर म्हणाला की २६ बादल्या आणतो, तर दुकानात त्याच मालाच्या बादलीचा भाव विचारून या. समजा साडेचार हजार निघाला. २६ बादल्यांचे १,१७,००० झाले. त्याचं जीएसटीआधीचं सगळं कोटेशन १,२०,८०० चं आहे. उरलेल्या ३,८०० रुपयांत मजुरी, जाळी, भेगांचं सामान, गच्ची धुणं आणि त्याचा नफा बसेल का? बसत नाही, म्हणजे माल येणार नाही. दहा बादल्या धरल्या तर ४५,००० जाऊन पंच्याहत्तर हजार उरतात आणि मग सगळं जमतं. भाव तेवढ्या मालावरच काढला होता, हे त्याने न सांगताही कळतं.

दुसऱ्या कोटेशनलाही हीच कसोटी लावा, पण त्याआधी "पीयू" या शब्दाचा अर्थ विचारा. बाजारात दोन प्रकारचे माल या नावाने विकले जातात. एक खरा पॉलियुरेथेन, हवेतल्या ओलाव्याने घट्ट होणारा, दाट, वासाचा. त्याचा ब्रश पाण्याने धुतला जात नाही, थिनर लागतो. दुसरा पाण्यावरचा, अ‍ॅक्रिलिकमध्ये पीयू मिसळलेला. तो वाईट नाही, पण जात अ‍ॅक्रिलिकचीच, आणि ८५ रुपयांत तो घेतला तर पहिल्याचाच माल महाग घेतला असं होईल. कोटेशनवर कंपनीचं नाव आणि मालाचं पूर्ण नाव लिहून घ्या, त्याची डेटा शीट जोडायला सांगा. फक्त "पीयू बेस केमिकल" असं लिहिलेला कागद परत पाठवा.

खरा पीयू किलोवर मोजतात. घनता आणि घन भाग दोन्ही डेटा शीटवर असतात. घनता १.४ आणि घन भाग ८५ टक्के असेल तर दीड मिलिमीटर कोरड्या थराला चौरस मीटरमागे जवळपास अडीच किलो लागतात. तुमच्या २६१ मीटरला साडेसहाशे किलो, म्हणजे पंचवीस किलोचे २६ डबे. किलोला २६० रुपये धरले तर १,६९,००० चा माल, आणि २,३८,८५० मधून सत्तर हजारांच्या आसपास उरतात. प्रायमर, मजुरी आणि दुरुस्ती यांत हे बसू शकतं. म्हणून हे कोटेशन निदान खोटं दिसत नाही. पण "दीड मिलिमीटर कोरडी जाडी" हे शब्द त्यावर हवेत. स्वस्त पीयू उन्हात पिवळा पडतो आणि वर पांढरी भुकटी धरतो, म्हणून उन्हाला टिकणारा वरचा कोट त्याच भावात आहे का, तेही विचारा.

दोघांत स्वभावाचाही फरक आहे. अ‍ॅक्रिलिक उन्हाला चांगला, पण साचलेल्या पाण्याला कच्चा. दिवसेंदिवस डबक्याखाली राहिला की मऊ पडतो आणि सुटतो. पीयू साचलेलं पाणी त्यापेक्षा बरंच सोसतो, पण ओल्या जमिनीवर मारला तर खालून वाफ येऊन फुगे धरतो. तुमच्या गच्चीवर दोन्ही अडचणी असण्याची शक्यता आहे आणि ते कागदावरून नाही, गच्चीवरूनच ठरेल.

पाऊस थांबल्यावर आठ दिवस टिपकतं, ही तुमच्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ आहे. वरच्या भेगेतून येणारं पाणी पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवसांत आटतं. आठ दिवस येतंय म्हणजे पाणी कुठेतरी साठून राहतंय: कोब्याच्या पोटात, विटांच्या तुकड्यांमध्ये. टाकीच्या ओव्हरफ्लोचा किंवा गच्चीवरून जाणाऱ्या पाइपचा दोष नाही ना, हेही बघा. कोरड्या दिवसांत ओल वाढत असेल तर आधी प्लंबर बोलवा.

मग एक लोखंडी सळई घेऊन गच्चीवर दर दोन फुटांवर कोबा ठोका. घट्ट ठिकाणी आवाज भरीव येतो, सुटलेल्या ठिकाणी पोकळ. पोकळ जागांभोवती खडूने रेघा मारा आणि शेवटी त्यांचं क्षेत्र मोजा. पोकळ भाग तुरळक असेल, समजा दोन-अडीचशे फूट, तर तेवढाच तोडून भरायचा आणि वर कोटिंग. अर्ध्याहून जास्त पोकळ निघाला तर कोटिंगचे पैसे वाया जातील. मग तिसरं कोटेशनच खरं. मधली परिस्थिती असेल तर एक-दोन ठिकाणी स्लॅबपर्यंत खणून पाहा. आतले विटांचे तुकडे हातात घेतल्यावर ओले, काळपट आणि सुटे असतील तर उत्तर मिळालं.

ओलावा तपासायला हातभर रुंदीची दोन-तीन जाड प्लास्टिकची पानं कोरड्या दिवशी गच्चीला टेपने चारी बाजूंनी हवाबंद चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उचला. खालच्या बाजूला थेंब जमले असतील किंवा कोब्याचा रंग गडद झाला असेल, तर आत पाणी आहे. अशा गच्चीवर फेब्रुवारीत घाईने पीयू मारला तर एप्रिलच्या उन्हात फुगे येतील आणि ठेकेदार म्हणेल, "जमीन ओली होती, गॅरंटीत बसत नाही." त्याचं म्हणणं बरोबरच असेल.

उतारही त्याच दिवशी बघा. शंभरास एक, म्हणजे दहा फुटाला सव्वा इंच उतार डाउनटेक पाइपकडे हवा. पाणी सोडा आणि दुसऱ्या दिवशी डबकी कुठे राहिली ते खडूने आखा. कोटिंग उतार दुरुस्त करत नाही. डबक्याच्या जागी आधी पॉलिमर मिसळलेलं सिमेंट-वाळूचं मिश्रण भरून उतार करावा लागतो, आणि ते तिघांपैकी कोणाच्या भावात आहे हे विचारायला हवं.

तिसऱ्याला दोन गोष्टी विचारा. कोबा कशाने तोडणार? मोठं ब्रेकर मशीन जुन्या स्लॅबला हादरे देऊन नव्या भेगा पाडतं. हातोडा-छिन्नीने किंवा हलक्या मशीनने तोडायचं, असं कागदावर हवं. आणि स्लॅब उघडल्यावर विटा लावण्याआधी त्यावर काय मारणार? तिथे दोन घटकांचं सिमेंट-पॉलिमर कोटिंग असेल तर बरं. नुसत्या सिमेंटच्या स्लरीवर ठेवलेला कोबा म्हणजे जुन्याचीच नवी आवृत्ती. काम मेच्या मध्यापर्यंत पाणी मारून पक्कं व्हायला हवं, म्हणून गच्ची दोन भागांत करा. सगळी एकदम उघडी टाकू नका. "जुन्यावरच नवा कोबा घालू" अशी स्वस्त सूचना आली तर थेट नाही म्हणा. चार इंचांचा कोबा फुटाला साधारण १८ ते २० किलो भरतो. तुमच्या गच्चीवर आणखी सत्तेचाळीस-पन्नास टन चढतील. इतका भार १९९८च्या इमारतीवर टाकायचा की नाही हे स्ट्रक्चरल इंजिनीअरने ठरवायचं असतं, गवंड्याने नाही.

आता गॅरंटी. सभेत कोणीतरी नक्की भागाकार करेल: ५१ भागिले १० म्हणजे वर्षाला पाच रुपये, १०० भागिले ७ म्हणजे चौदा, १९४ भागिले १० म्हणजे एकोणीस. हा भागाकार तेव्हाच चालतो जेव्हा वर्षं खरी असतात. ०.३८ मिलिमीटरचा थर दोन पावसाळे टिकला असं धरा, तर १,४२,५४४ रुपयांचे वर्षाला एकाहत्तर हजार झाले. दुसरं काम त्याच्या सात वर्षं टिकलं तर वर्षाला चाळीस हजार. दहा हा आकडा कागदावर लिहायला ठेकेदाराला काहीच खर्च येत नाही, म्हणूनच तो सगळ्यांत स्वस्त कोटेशनवर बिनधास्त दिसतो.

गॅरंटीत वर्षांपेक्षा तीन गोष्टी वाचा. ती कोण देतं? माल बनवणारी कंपनी सहसा मालाचीच हमी देते. काम नीट झालं की नाही याची ठेकेदाराची. कंपनीची हमी हवी असेल तर काम तिच्या नोंदणीकृत माणसाने केलं पाहिजे, ते काम सुरू होण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या. दुसरं, गळल्यावर काय मिळणार? फक्त पुन्हा कोट मारणार की मजुरी आणि भेगांची दुरुस्तीही त्याची? खालच्या घराच्या सिलिंगचं प्लास्टर कोण करणार? तिसरं, कशाला गॅरंटी नाही? स्लॅबला नव्याने पडलेल्या भेगा वगळणं रास्त आहे. पण "साचलेल्या पाण्यामुळे झालेलं नुकसान" वगळलेलं असेल आणि तुमच्या गच्चीवर डबकी राहत असतील, तर हातात कागद आहे, गॅरंटी नाही. डिश किंवा सोलरसाठी भोक पाडलं की सगळ्यांचीच गॅरंटी संपते. आधीच सभासदांना कळवा आणि सोलरच्या खांबांचे पाये कोटिंगच्या आधी करून घ्या.

स्टॅम्प पेपरने फार हुरळून जाऊ नका. तो फक्त पुरावा आहे. जुलैत माणूस गच्चीवर येतो तो राखून ठेवलेल्या पैशांमुळे. बिलाचे दहा टक्के सप्टेंबरअखेरपर्यंत सोसायटीकडे राहतील, आणि कळवल्यापासून सात दिवसांत माणूस आला नाही तर त्या पैशांतून दुसऱ्याकडून काम करून घेऊ, अशी ओळ करारात टाका. ज्याला हे मंजूर नाही त्याच्या दहा वर्षांना तेवढीच किंमत द्या. "बिल नको, जीएसटी वाचेल" असं कोणी सुचवलं तर लक्षात ठेवा: बिल नसेल तर काम झाल्याचाच पुरावा नाही, गॅरंटीचं तर दूरच.

तुमच्या वर्णनावरून माझा कौल असा. सळईची तपासणी आधी. कोबा बहुतांश भरीव निघाला आणि प्लास्टिकखाली थेंब नसतील तर दुसरं कोटेशन घ्या. जाडी, मालाचं नाव आणि उतार दुरुस्ती त्यात लिहून घेऊन. पोकळ निघाला तर तिसरं, तेही पावसाआधी पुरतं होत असेल तरच. पहिलं त्याच्या आजच्या रूपात कोणत्याच परिस्थितीत नको. त्याने २६ बादल्यांचा हिशेब धरून नवा भाव दिला तर जरूर विचार करा, मात्र डबकी राहणाऱ्या भागात उतार करून घेतल्यावरच.

काम सुरू झालं की सील बंद बादल्या सभासदांसमोर मोजून घ्या, बॅच नंबर वहीत लिहा आणि रिकाम्या बादल्या अंतिम बिलापर्यंत गच्चीवरच ठेवायला सांगा. त्या ठेकेदाराच्या दुसऱ्या कामावर जाऊन परत येतात, म्हणून झाकणावर तारखेची खूण करा. थर पूर्ण वाळला की, अ‍ॅक्रिलिक असेल तर निदान सात दिवसांनी, पाइपांची तोंडं बंद करून उथळ पाणी ४८ तास ठेवा. दोन इंचांहून जास्त नको. तेवढ्यानेच चौरस मीटरला ५० किलो भार येतो. त्या दोन दिवसांत वरच्या तिन्ही घरांत सिलिंगचे फोटो तारखेसह काढून ठेवा.